कणीचं माप आणि माझा मुंबईचा कोर्स

महाडच्या भातगिरणीत मी लागलो तेव्हा मला तांदळातलं एवढंच कळत होतं की तो शिजवून खातात. मी खानदेशातला. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, कपाशी. चौथीनंतर शाळा सुटली, कारण घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं. मामा रस्त्याच्या कामावर डांबर टाकत टाकत पोलादपूरपर्यंत आला, त्याच्याबरोबर मी आलो. काम संपलं, मामा पुढे रत्नागिरीकडे गेला आणि मी गिरणीच्या मॅनेजरांच्या मेहेरबानीनं मागे राहिलो. ही मेहेरबानी मी अजून मानतो. त्या वेळी तर इतकी मानत होतो की मॅनेजर समोरून आले की पाय आपोआप जुळायचे.

गिरणी मुंबईच्या एका व्यापाऱ्याची. मालक वर्षातून एकदा यायचा. बाकी सगळं मॅनेजर बघायचे. ते महाडचेच, शुद्ध बोलणारे, काळी टोपी, हातात छत्री बारा महिने. गिरणी भात विकत घ्यायची आणि तांदूळ करून मुंबईला पाठवायची. रायगडाखालच्या वाड्यांतून, दासगावाकडून, पोलादपूरच्या खोऱ्यातून दिवाळीनंतर गाड्या सुरू व्हायच्या त्या शिमग्यापर्यंत. पोलादपूरला आमचं एक गोदाम होतं. वरच्या वाड्यांतले लोक डोक्यावरून भात आणायचे, ते तिथं साठायचं.

मी दगडावर होतो. म्हणजे शेलरवर. शेलरमध्ये दोन मोठे गोल दगड एकावर एक असतात, त्यांच्या तोंडाला कुरुंद दगडाच्या भुकटीचा खरखरीत थर दिलेला असतो. वरचा थांबलेला, खालचा फिरता. मधल्या फटीतून भात गेलं की तूस सुटतं. फट जास्त झाली तर भात तसंच बाहेर पडतं, कमी झाली तर तांदूळ मोडतो आणि कणी होते. थर झिजला, कुठं उंच कुठं सखल झाला, की फट कितीही नीट लावा, कणी होणारच. मग थर खरवडून नवा द्यायचा, वाळवायचा आणि हत्यारानं घासून सपाट करायचा. हे काम आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. त्यासाठी मुंबईहून मिस्त्री यायचा. तो दगडाभोवती गोणपाटाचा पडदा बांधायचा आणि आत एकटाच काम करायचा. मी पाणी द्यायला गेलो तरी पडद्याबाहेरूनच तांब्या घ्यायचा.

एका हंगामात ऐन पौषात दगड गेला. तार केली. मिस्त्री दुसऱ्या कुठल्या गिरणीत अडकला होता. आठवडा गेला तरी आला नाही. पोलादपूरहून आलेल्या गाड्या आमच्या दारावरून वळून पलीकडच्या गिरणीत गेल्या. हमालांची मजुरी पोत्यावर, म्हणून पोती नाहीत तर मजुरी नाही. ते ओट्यावर बसून विड्या ओढायचे आणि माझ्याकडे बघायचे, जणू दगड मीच खाल्ला.

"घाट्या, तुला यवढं बी येत नाय?" त्यातला एक म्हणाला. देशावरचा म्हणून मी तिथं सगळ्यांचा घाटी होतो.

त्याच वर्षी यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. बोलता बोलता म्हणाला, आमच्या मुंबईच्या कारखान्यात पावसाळ्यात वर्ग असतो, दगडाचं सगळं काम शिकवतात, फी भरावी लागते. फी ऐकली. माझ्या तीन पगारांएवढी. वर जाणं-येणं आणि तिथलं राहणं. माझा निम्मा पगार तर आईला मनिऑर्डरनं जात होता. म्हणजे गिरणीनं पाठवलं तरच.

मागायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. मी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. दिलं ते घेतलं होतं. बरेच दिवस घोळवून एक अर्ज लिहिला. गरीब विद्यार्थ्यावर दया करावी, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही, असं. मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला आणि दारात उभा राहिलो.

त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"तू विद्यार्थी कधीपासून झालास?"

"नाही साहेब, पण..."

"हे बघ. दया मालक धर्मादायात लिहितो. वर्षाचा धर्मादाय त्याचा देवळाला जातो. तुझा कोर्स लिहायचा तर खर्चात लिहावा लागेल आणि खर्च म्हटला की तो विचारणार, यातून गिरणीला काय? ते तू एका ओळीत तरी लिहिलंयस का?"

मी नाही अशी मान हलवली.

"मग जा. तुला शिकायचंय हे मला कळलं. आम्हाला तू शिकून काय होणार ते लिहून आण. दया-बिया काढून टाक."

अर्ज परत घेऊन मी बाहेर आलो. वाटलं, संपलं. पण नंतर लक्षात आलं की ते नाही म्हणाले नव्हते. उलट कसं मागायचं ते सांगितलं होतं. तेवढ्यानंच मला रडू आलं. तेव्हा मला कशानंही रडू यायचं.

गिरणीला काय? मी विचार केला. मला दिसत होती ती कणी. धान्य दगडातून येताना माझ्या हातावरूनच जायचं, मोडलेलं किती ते मला हातालाच कळायचं. म्हणून दुसरा अर्ज कणीवर लिहिला. दगड नीट राहिला तर कणी कमी होईल, अख्खा तांदूळ वाढेल, अख्ख्याला कणीपेक्षा भाव जास्त. एवढंच. मॅनेजर खूश झाले. "आत्ता कसं बोललास," म्हणाले. लगेच शेजारच्या कारकुनाला हाक मारून म्हणाले, "आणि कणी कमी झाली की बायकांच्या वाट्याची पण तेवढी वाचेल. ते धर."

ते माझ्या मनात आलंच नव्हतं.

आमच्या गिरणीत तांदूळ पाखडायला आणि चाळायला बायका होत्या, दहा-बारा. बहुतेक पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या. नवरे मुंबईला गोदीत नाहीतर कापडगिरणीत. हंगामापुरत्या महाडला येऊन राहायच्या. त्यांना रोख मजुरी थोडी आणि कणीत निम्मा वाटा. दिवसभरात चाळणीखाली पडेल तिच्यातली निम्मी गिरणीची, निम्मी बायकांची. संध्याकाळी ढीग करायचा, मध्ये सुपानं रेघ मारायची आणि वाटून घ्यायची. ही रीत गिरणी सुरू झाल्यापासूनची. त्या कणीची पेज व्हायची, घावन व्हायचं, उरली तर शनिवारी घरी जायची. त्यांची पुढारी एक मावशी होती, महाडातच बारा महिने राहणारी, पन्नाशीची, दात पुढे आलेले, आवाज इंजिनाच्या वर जाणारा. माझी जेवणाची सोय तिच्याकडेच होती. मी महिन्याला काहीतरी द्यायचो, पण त्या दिडकीत माणूस जेवत नाही. तिची पेज खाऊनच मी उभा होतो.

कारकुनानं हमालांना सांगितलं, हमालांनी बायकांना. दुसऱ्या दिवशी मी पेजेला गेलो तर मावशीनं वाडगा पुढे सारला आणि त्यात बघायला लागली.

"खा रे, खा. पुढल्या साली ही बी मिळायची नाय."

"मावशी, काय झालं?"

"काय झालं इचारतोय बघ गो!" ती मागच्या बाईला म्हणाली. "मुंबैला जाऊन शिकून येणार हाय. काय शिकणार? तर बायकांची कणी कशी बंद करायची ते."

"मी तसं लिहिलं नाही."

"तू नाय लिवलंस तर काय मॅनेजरच्या बापानं लिवलं? कणी कमी व्हणार का नाय? सांग."

"होणार."

"मंग?"

मागची बाई म्हणाली, "जाऊ दे गो, घाटीच तो. त्याला बाजरी खायची हाय, कणीचं काय त्याला?"

सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. वाडगा मी बाजूला ठेवला. माझं शिकणं आणि यांचं जेवण एकाच चाळणीतून पडत होतं, हे मला त्यांच्यासमोर बसून कळत होतं. अर्ज मागे घ्यावा का? मग पुढच्या पौषात दगड गेला की परत तेच, हमाल ओट्यावर आणि बायका घरी. कारण गिरणी बंद असली तर कणीही नाही. हे तेव्हा एकदम डोक्यात आलं. दगड गेला होता त्या आठवड्यात मावशीनं मला नाचणीची आंबील दिली होती. कण्या संपल्या होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "पौषात दगड गेला तेव्हा तुम्हाला किती मिळाली कणी?"

"कशाची मिळतेय? हात धुवून बसलो."

"तो दगड मला करता आला असता तर दोन-तीन दिवसांत गिरणी सुरू झाली असती."

तिनं वाडगा परत माझ्याकडे सरकवला. "खाऊन घे आधी. गार झाली."

मग तिथंच आम्ही बोलत बसलो. मी म्हणालो, दगड सुधारला की कणी कमी होणार, ते मी नाही म्हणून चालणार नाही, खोटं लिहिता येणार नाही. पण निम्मा वाटा हवाच कशाला? रोजचं ठरलेलं माप मागितलं तर? पडो कमी, पडो जास्त, बाई कामाला आली की तिला एवढं माप.

"माप कुणाचं?" मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"गिरणीच्या मापट्यानं देतील आन् वरनं काठी फिरवतील. भात घेताना शीग आन् देताना सपाट. माप द्यायचं तर शिगेनं. नायतर निम्मीच बरी, रेघ आमच्या डोळ्यादेखत मारतात."

गिरणीत भात मोजून घेताना माप भरून वर निमुळता ढीग चढू द्यायचे, त्याला शीग म्हणतात. देताना काठी फिरवून तो ढीग पाडायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

"शिगेनं लिहितो," मी म्हणालो.

"लिव. आन् आमी सांगितलं म्हून लिव. तुझ्या डोक्यातनं आलं म्हनू नको, तुला हाकलतील."

तिसरा अर्ज लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. इंजिन चालवणारा मिस्त्री, दासगावचा, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, त्यानं मदत केली. मला तो कधी शिकवायचा नाही, पण मी विचारलं की उत्तर द्यायचा. मुंबईचा मिस्त्री वर्षातून किती वेळा येतो, त्याचं भाडं, जेवण, मजुरी, तो येईपर्यंत गिरणी किती थांबते, त्यात किती गाड्या परत जातात, हे त्याच्या तोंडी होतं. मी एका बाजूला ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला माझा खर्च. फी, एसटीचं भाडं, कंपनीच्या कारखान्याजवळ खोलीतली झोपायची जागा. तोही खर्च कमी केला. या इंजिनच्या मिस्त्रीचा भाचा मुंबईत डोंगरीला राहत होता, त्याच्याकडे पथारी टाकायची सोय झाली. वर्ग श्रावणात होता. तेव्हा आमची गिरणी आठवड्यातून एखाददुसरा दिवस चालायची, म्हणून माझ्या जागी दुसरा माणूस घ्यावा लागणार नव्हता. हेही लिहिलं. आल्यावर इंजिनच्या मिस्त्रीला आणि एका हमालाला शिकवीन, आणि दोन हंगाम दुसरीकडे जाणार नाही, हे लिहिलं.

"हे दोन हंगाम कशाला लिवलंस?" मिस्त्रीनं विचारलं.

"शिकून मी पळालो तर? मालक तेच विचारेल."

"पळणार हायस का?"

"नाही."

"मंग लिव."

शेवटी बायकांचं माप लिहिलं. कणी कमी झाल्यानं त्यांचं नुकसान होतं, म्हणून रोज प्रत्येकीस ठरलेलं माप, शिगेनं. त्याचा खर्चही बाजूला मांडला. आपण गिरणीचा खर्च वाढवून मागतोय, असं वाटत होतं.

तोवर शिमगा होऊन गेला होता; मॅनेजर त्या आठवड्यात पोलादपूरच्या गोदामाला जाणार होते. मला म्हणाले, चल बरोबर, ट्रकमध्ये बोलू. पोती चढवायला मी लागणारच होतो. पुढे ड्रायव्हर, पलीकडे दाराशी ते, मधे मी. रस्ता नदीच्या कडेनं. अर्ज त्यांनी गुडघ्यावर धरून वाचला. ट्रक हलला की ओळ चुकायची, मग परत वरून सुरू करायचे.

"मुंबईच्या मिस्त्रीचा खर्च बरोबर लावलायस," म्हणाले. "एका वर्षात तुझा खर्च फिटतो. बरं. श्रावणात जाणार, हे बरं. दोन हंगाम, बरं." मग थांबले. "आणि हे काय? मी कणी वाचली म्हणून मालकाला सांगणार, आणि तू ती बायकांना परत देतोयस?"

"साहेब, त्यांची जाईल ना."

"जाईल तर जाईल. त्यांनी विचारलंय का तुला?"

"विचारलंय."

"काय म्हणाल्या?"

मी अर्जातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ड्रायव्हर हसला. मॅनेजर त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू रस्त्यावर बघ."

पोलादपूर आलं. गोदामात त्यांनी पोती मोजली, ओली होती का बघितली. मी चढवत राहिलो. घामानं सदरा चिकटला होता. वाटत होतं, हे शेवटचं कलम काढलं असतं तर आत्ता होऊन गेलं असतं. एकदा तर तोंडावर आलंही, राहू द्या साहेब ते. पण गोदामाच्या ओट्यावर वरच्या वाडीतल्या दोन बायका डोक्यावरचं उरलंसुरलं भात उतरवून बसल्या होत्या. हंगामात त्याच आमच्या चाळणीवर असायच्या. त्यांच्यासमोर ते शब्द निघाले नाहीत. मॅनेजरांनीही त्यांना बघितलं.

"काय गो, पुढल्या हंगामाला येणार ना पाखडायला?" त्यांनी विचारलं.

"बघू साहेब," एक म्हणाली. "पलीकडल्या गिरणीत कणी जास्ती पडते म्हनतात."

तिला काही ठाऊक असेल की नुसतं बोलली, मला सांगता येणार नाही. मॅनेजरांनी छत्री टेकली आणि खिशातला अर्ज काढून शेवटची ओळ परत वाचली. पाखडणाऱ्या बायका मिळणं सोपं नव्हतं. पाखडल्याशिवाय मुंबईला माल जात नव्हता.

येताना ट्रकमध्ये म्हणाले, "मालकाला लिहितो. फी आणि भाडं गिरणी देईल. त्या महिन्याचा पगार निम्मा. राहणं-जेवणं तुझं तू."

निम्मा पगार म्हणजे आईला मनिऑर्डर आणि मला काहीच नाही. पण मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कृतज्ञतेनं माझं तोंड आधीच उघडलं होतं.

"आणि माप?" मी विचारलं. कसं विचारलं ते मलाच कळलं नाही.

"देऊ."

"शिगेनं?"

"अरे, देऊ म्हटलं ना! शिगेनं, शिगेनं. मालकाच्या पत्रात शीग लिहू का आता?"

"लिहा, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "नंतर भांडण नको."

लिहिली. मालकाचं उत्तर आलं त्यात मंजूर एवढंच होतं.

श्रावणात मी मुंबईला गेलो. डोंगरीच्या खोलीत सहा जण झोपायचो. कारखान्यात दगडाचं काम उघड्यावर होतं, पडदा नव्हता, हे बघून मला पहिल्या दिवशी काय वाटलं ते सांगता येत नाही. कुरुंद आणि सिमेंट किती, पाणी किती, थर किती दिवस वाळवायचा, हत्यार कुठल्या कोनात धरायचं, भात ओलं असलं तर फट किती. शिकवणारा रागीट होता, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचा. बरोबरचे बहुतेक शिकलेले होते, इंग्रजी आकडे पटकन वाचायचे. मी सगळं दोनदा लिहून घ्यायचो. पावसानं कपडे वाळायचे नाहीत. मावशीनं निघताना कणीचं एक गाठोडं दिलं होतं, "उपाशी ऱ्हाऊ नको, तिकडं कोन पेज देतंय," म्हणून. ते पंधरा दिवस पुरलं. नंतर भाच्यानं चालवून घेतलं.

दिवाळीनंतर गिरणी सुरू झाली तेव्हा दगड मी केलेला होता. थर दिला तो इंजिनच्या मिस्त्रीसमोर आणि एका हमालासमोर, ठरल्याप्रमाणे. हमाल म्हणाला, "हेच व्हतं व्हय पडद्यामागं?"

पहिल्या दिवशी पोती थोडीच होती. हंगाम नुकता लागत होता. संध्याकाळी बायकांनी चाळलं आणि ढीग केला. ढीग कसला, चार-सहा ओंजळींचं काम. कारकून मापटं घेऊन आला. पहिल्या बाईचं माप शिगेनं भरलं, दुसरीचं भरलं, तिसरी मावशी, तिच्या मापाला अर्ध्यातच कणी संपली. मॅनेजर शेजारी उभे होते.

"आता?" कारकून म्हणाला.

मॅनेजरांना पत्र आठवलं असावं. पत्रात माप लिहिलं होतं, कणी संपली तर काय ते लिहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तांदूळ घाला," ते शेवटी म्हणाले. "अख्खा. काय करणार? आजचा दिवस." मग माझ्याकडे वळून, "हा खर्च तुझ्या अर्जात नव्हता."

"नव्हता, साहेब," मी म्हणालो.

कारकुनानं राशीतला अख्खा तांदूळ मावशीच्या मापात ओतला आणि सवयीनं काठी उचलली. मावशीनं त्याचा हात तिथंच धरला. काठी खाली ठेवायला लावली, मापावर शीग चढू दिली आणि मग पदर पसरला. मूठभर तांदूळ उजेडाकडे धरून बघितला.

"साहेब," ती म्हणाली, "पुढल्या साली आनखी एक जण पाठवा शिकायला."

मॅनेजर छत्री उचलून कचेरीकडे गेले. बायका मापं भरून घेत राहिल्या, एकेक, शिगेनं, आणि कारकून प्रत्येक मापाला माझ्याकडे असा बघत होता की जणू ते मीच खिशातून देत होतो.